तुमच्या वतीने भरलेले पैसे आणि त्यावरचा जीएसटी

भोसरीतला एक लघुउद्योजक परदेशातून एक यंत्र मागवतो. यंत्राचा कंटेनर न्हावा शेवा बंदरात उतरतो. तो सोडवून आणायचे काम उद्योजक एका कस्टम्स ब्रोकरकडे देतो, म्हणजे ज्याला बंदरावर सगळे अजूनही सीएचए म्हणतात त्याच्याकडे. माल घरी पोचल्यावर ब्रोकरचे बिल येते सहा लाखांचे. त्यात ब्रोकरची स्वतःची मेहनताना म्हणून असलेली रक्कम फक्त आठ हजार. बाकीचे सगळे पैसे त्याने उद्योजकाच्या वतीने कुठे ना कुठे भरलेले: सीमाशुल्क, शिपिंग लाइनचे डिलिव्हरी ऑर्डरचे शुल्क, कंटेनर फ्रेट स्टेशनचे हाताळणी आणि साठवणुकीचे पैसे. या बिलावर १८ टक्के जीएसटी लावायचा तो आठ हजारांवर की सहा लाखांवर?

उत्तर आठ हजारांवर असू शकते. पण ते आपोआप मिळत नाही. केंद्रीय जीएसटी नियम, २०१७ मधल्या ३३व्या नियमाने त्यासाठी अटी घातल्या आहेत आणि त्या सगळ्याच्या सगळ्या पाळाव्या लागतात. या अटींत बसणाऱ्या सेवा पुरवठादाराला नियम ‘प्युअर एजंट’ म्हणतो.

कायद्याचा मूळ कल उलट दिशेने आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवे. जीएसटी कायद्याच्या १५व्या कलमानुसार सेवेचे करपात्र मूल्य म्हणजे ग्राहकाने त्या सेवेसाठी दिलेली किंवा द्यायची किंमत, आणि तिच्यात पुरवठादाराने वसूल केलेले आनुषंगिक खर्चही मिळवायचे असतात. म्हणजे बिलावर जे जे मागितले ते ते सकृद्दर्शनी करपात्र. ‘हे तर फक्त रिइंबर्समेंट आहे’ एवढे म्हणून काही वगळता येत नाही. सेवाकराच्या काळात या प्रश्नावर मोठा वाद झाला होता. इंटरकॉन्टिनेन्टल कन्सल्टंट्स या कंपनीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०१८ रोजी सांगितले, की तेव्हाच्या कलमाप्रमाणे कर फक्त सेवेच्या मोबदल्यावर होता, परतफेडीच्या खर्चावर नव्हता. अनेक जण आजही हा निकाल पुढे करतात. पण तो १४ मे २०१५ पूर्वीच्या कायद्याबद्दल होता. त्या तारखेपासून सेवाकर कायद्यातच दुरुस्ती करून परतफेडीचे खर्च मोबदल्यात धरले गेले, आणि २०१७ मध्ये आलेल्या जीएसटीचे १५वे कलम तर स्वतंत्रपणे लिहिलेले आहे. आज दार एकच आहे, ३३वा नियम.

या नियमाच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे: हे देणे मुळात कोणाचे होते? नियमातच दिलेले उदाहरण पाहा. एका कंपनीची नोंदणी करून देणारी सल्लागार संस्था आपल्या शुल्काखेरीज कंपनी निबंधकाकडे भरलेले नोंदणी शुल्क आणि नाव मंजुरीचे शुल्क वसूल करते. ही शुल्के कायद्याने नव्या कंपनीवर बसवलेली आहेत, सल्लागारावर नाहीत. सल्लागाराने ती नुसती पोचवली. म्हणून ती त्याच्या सेवेच्या मूल्यात येत नाहीत. शेजाऱ्याने बिल भरायला जाता जाता आपलेही वीजबिल भरले आणि तेवढेच पैसे आपल्याकडून घेतले, तर ती वीज शेजाऱ्याने आपल्याला विकली असे कोणी म्हणत नाही, तसेच हे.

सीमाशुल्काचेही तसेच. ते आयातदारावर बसते. बिल ऑफ एंट्रीवर नाव त्याचे असते. कंटेनर फ्रेट स्टेशनचे आणि शिपिंग लाइनचे पैसे ज्याचा माल त्याने द्यायचे. ब्रोकरची स्वतःची सेवा म्हणजे कागदपत्रे तयार करणे, बिल ऑफ एंट्री दाखल करणे, तपासणीला उभे राहणे, माल सोडवणे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि नियमाची एक अट नेमकी हीच आहे: त्रयस्थाकडून घेतलेली गोष्ट पुरवठादाराच्या स्वतःच्या सेवेपेक्षा वेगळी, तिच्या जोडीची असली पाहिजे.

आता याच्या उलट उदाहरण घेऊ, कारण चुका इथेच होतात. पुण्यातला एक सल्लागार नागपूरच्या कारखान्यात जाऊन ऑडिट करतो आणि बिलात लिहितो: फी एक लाख, विमान व हॉटेल प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे २२ हजार. जीएसटी लावतो फक्त एक लाखावर. सोबत तिकिटाची आणि हॉटेलची पावती जोडलेली आहे, खर्चात एक रुपयाही वाढवलेला नाही, तरीही हे चूक आहे. विमानात तो बसला, हॉटेलात तो राहिला. ती सेवा त्याने स्वतः वापरली, आपले काम पार पाडण्यासाठी वापरली. प्युअर एजंटच्या व्याख्येत स्पष्ट म्हटले आहे, की मिळवलेली वस्तू किंवा सेवा त्याने स्वतःच्या हितासाठी वापरता कामा नये. म्हणून कर १ लाख २२ हजारांवर लागतो. खर्च प्रत्यक्ष झाला, पावती आहे, ग्राहकाने मान्य केला, या तिन्ही गोष्टी खऱ्या असूनही पुरेशा नाहीत.

सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीचेही असेच आहे. रक्षकांचा पगार, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयचा वाटा ‘प्रत्यक्षाप्रमाणे’ म्हणून बिलात वेगळा दाखवायचा आणि जीएसटी फक्त सर्व्हिस चार्जवर लावायचा, ही पद्धत बरीच दिसते. पण रक्षक एजन्सीचे नोकर आहेत. त्यांचा पगार द्यायची जबाबदारी एजन्सीची आहे आणि रक्षक पुरवणे हीच तर तिची सेवा आहे. पगार वेगळ्या ओळीत लिहिल्याने तो ग्राहकाचे देणे होत नाही.

नियमाचा उरलेला भाग कागदोपत्री तयारीचा आहे, आणि खटके मुख्यतः तिथेच उडतात. पहिली गोष्ट करार. व्याख्येप्रमाणे प्युअर एजंट म्हणजे ज्याने ग्राहकाशी त्याच्या वतीने खर्च करण्याचा करार केला आहे असा माणूस. आणि त्रयस्थाला पैसे देताना त्याच्याकडे ग्राहकाची अधिकृत संमती असली पाहिजे. कस्टम्स ब्रोकरांना वाटते की हे आपल्याकडे आहेच, कारण २०१८च्या कस्टम्स ब्रोकर लायसन्सिंग नियमावलीप्रमाणे त्यांना प्रत्येक ग्राहकाकडून अधिकारपत्र घ्यावेच लागते. पण ते पत्र कस्टम्ससमोर काम करण्याचे असते. त्यात पैसे भरण्याबद्दल काही लिहिलेलेच नसले, तर ३३व्या नियमासाठी ते तोकडे पडते. त्यात किंवा स्वतंत्र कामाच्या पत्रात दोन वाक्ये घालणे पुरते: ‘सीमाशुल्क, शिपिंग लाइन आणि कंटेनर फ्रेट स्टेशन यांची देणी आमच्या वतीने, प्युअर एजंट म्हणून भरण्यास आपणांस अधिकार देत आहोत. प्रत्यक्ष भरलेली रक्कम, मूळ पावत्यांसह, आम्ही आपणांस देऊ.’ हे काम सुरू होण्यापूर्वी हवे. नोटीस आल्यावर मागच्या तारखेने केलेला कागद टिकत नाही.

दुसरी गोष्ट त्रयस्थाच्या बिलावरचे नाव, आणि मला वाटते या सगळ्यात हीच सर्वांत मोलाची. कंटेनर फ्रेट स्टेशनने बिल ब्रोकरच्या नावाने आणि त्याच्या जीएसटी क्रमांकावर काढले, तर काय होते? ते बिल ब्रोकरच्या जीएसटीआर-२बीमध्ये दिसते. त्याने त्यातल्या कराचे इनपुट क्रेडिट घेतले, तर ती सेवा आपल्या व्यवसायासाठी घेतली असेच त्याने मान्य केले. मग ती रक्कम करपात्र मूल्याबाहेर ठेवता येत नाही. क्रेडिटही घ्यायचे आणि प्युअर एजंटही म्हणवायचे, हे दोन्ही एकत्र जमत नाही. क्रेडिट घेतले नाही आणि रक्कम जशीच्या तशी आयातदाराकडून वसूल केली, तर त्या बिलातला कर कोणालाच मिळत नाही, कारण आयातदाराच्या जीएसटीआर-२बीमध्ये तो येतच नाही. म्हणून बिल आयातदाराच्या नावाने, त्याच्याच जीएसटी क्रमांकावर काढून घ्यायचे आणि ब्रोकरचे नाव फक्त ‘मार्फत’ म्हणून ठेवायचे. गेट पास काढतानाच हे सांगावे लागते. नंतर बिल बदलून घ्यायला किती फेऱ्या होतात ते बंदरावर काम करणाऱ्यांना विचारा.

तिसरी गोष्ट रक्कम. प्युअर एजंटला फक्त प्रत्यक्ष खर्चाएवढेच पैसे मिळाले पाहिजेत, वर एक पैसा नाही. हे ऐकायला सोपे वाटते, पण धंद्यात आकडे गोल करायची सवय असते. डिलिव्हरी ऑर्डरचे खरे १४,१६० रुपये झाले आणि ब्रोकरने बिलात १५,००० लिहिले, तर त्याला ८४० रुपये सुटले. पण नियमाच्या शब्दांप्रमाणे ती ओळ प्युअर एजंटची राहिली नाही. आता पूर्ण १५,००० करपात्र मूल्यात गेले आणि त्यावरचा कर झाला २,७००. यापेक्षा सूक्ष्म चूक सवलतीची. काही वेळा कंटेनर फ्रेट स्टेशन ब्रोकरला महिन्याच्या कामावर नंतर सूट देते. आयातदाराकडून पूर्ण बिलाचे पैसे घेतले आणि ही सूट आपल्याकडे ठेवली, तर प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त मिळालेच. सूट ग्राहकाला परत द्यायला हवी, नाही तर त्या ओळीला कर लावायला हवा. आणि ज्या खर्चाची पावतीच नाही, ‘सन्ड्री’, ‘इतर’, ‘तपासणी खर्च’ अशा नावांनी जो बिलात येतो, तो परतफेडीत दाखवूच नये. तो आपल्या फीमध्ये मिळवून त्यावर कर भरणे हाच प्रामाणिक आणि सुरक्षित मार्ग.

आता भोसरीच्या यंत्राचे बिल मांडून पाहू. यंत्राचे करनिर्धारण मूल्य २० लाख रुपये धरू आणि मूलभूत सीमाशुल्क साडेसात टक्के. मग शुल्क १,५०,०००. त्याच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार १५,०००. आणि या सगळ्या बेरजेवर, म्हणजे २१,६५,००० वर, १८ टक्के आयजीएसटी ३,८९,७००. एकूण सीमाशुल्क ५,५४,७००. आता अनेक आयातदार हे पैसे आइसगेटवर स्वतःच भरतात, आणि तेच उत्तम. पण या उद्योजकाने ब्रोकरला भरायला सांगितले असे समजू. शिपिंग लाइनचे डिलिव्हरी ऑर्डरचे १२,००० अधिक जीएसटी २,१६०, म्हणजे १४,१६०. कंटेनर फ्रेट स्टेशनचे २०,००० अधिक जीएसटी ३,६००, म्हणजे २३,६००. तिन्ही मिळून ५,९२,४६०. ही दोन्ही बिले उद्योजकाच्या जीएसटी क्रमांकावर आहेत.

ब्रोकरच्या करबिलावर वरच्या भागात एकच सेवा असेल: एजन्सी फी ८,०००, तिच्यावर ९ टक्के केंद्रीय आणि ९ टक्के राज्य जीएसटी मिळून १,४४०. त्याखाली स्वतंत्र मथळ्याखाली, करपात्र मूल्याच्या बेरजेबाहेर, प्युअर एजंट म्हणून केलेली तिन्ही देणी, प्रत्येकाचा पावती क्रमांक आणि तारखेसह. एकूण बिल ६,०१,९००. उद्योजकाला क्रेडिट मिळेल ते असे: बिल ऑफ एंट्रीवरचे ३,८९,७००, शिपिंग लाइन आणि फ्रेट स्टेशनच्या बिलांतले ५,७६०, ब्रोकरच्या बिलातले १,४४०. मिळून ३,९६,९००.

याच ब्रोकरने अटी पाळल्या नसत्या, तर ५,९२,४६० वर आणखी १८ टक्के, म्हणजे १ लाख ६ हजार ६४२ रुपये ८० पैसे कर मागता आला असता. म्हणजे ज्या रकमेत आधीच कर आहे तिच्यावर पुन्हा कर. उद्योजकाला क्रेडिट मिळत असेल तर त्याचे नुकसान मुख्यतः अडकलेल्या भांडवलाचे. पण हेच यंत्र एखाद्या रुग्णालयाने आयात केलेले असते तर? आरोग्यसेवा जीएसटीतून मुक्त असल्याने रुग्णालयाला क्रेडिट मिळत नाही, आणि हा लाखभर रुपयांचा कर थेट यंत्राच्या किमतीत जातो. ब्रोकरच्या दृष्टीने तर चित्र आणखी वाईट. दोन-तीन वर्षांनी अधिकाऱ्याने मागणी काढली, तोपर्यंत ग्राहक बदललेला असतो, जुन्या बिलावरचा कर कोणी देत नाही, आणि आठ हजारांच्या कामासाठी लाखभर रुपये व्याजासकट खिशातून जातात.

बिलाच्या मांडणीत एक खरी अडचण आहे आणि ती दोन कायद्यांच्या ओढाताणीतून येते. नियम म्हणतो, वतीने केलेला खर्च पुरवठादाराच्या बिलात वेगळा दाखवलेला हवा. पण आयकराच्या बाजूला, ऑगस्ट १९९५च्या एका परिपत्रकाने म्हटले होते, की टीडीएस कापताना बिलाच्या रकमेतून परतफेडीचा खर्च वजा करता येणार नाही. त्यामुळे टीडीएस वाचवायला अनेक ब्रोकर दोन बिले काढतात: फीचे करबिल वेगळे आणि परतफेडीची डेबिट नोट वेगळी. आयकरासाठी हे बरे, पण मग करबिलावर परतफेडीचा उल्लेखच राहत नाही आणि ३३व्या नियमाची अट बिघडते. माझ्या मते उपाय असा: दोन कागद काढायचे असतील तर खुशाल काढा, पण करबिलाच्या खाली प्युअर एजंट म्हणून भरलेल्या रकमांची ओळवार यादी आणि परतफेडीच्या बिलाचा क्रमांक नोंदवा. दोन्ही कागद एकमेकांकडे बोट दाखवतात हे महत्त्वाचे.

नोटीस बहुधा कुठून येते, तेही सांगायला हवे. ग्राहकाने संपूर्ण सहा लाखांवर टीडीएस कापला, की ब्रोकरच्या फॉर्म २६एएसमध्ये सहा लाखांची पावती दिसते. जीएसटी विवरणपत्रात मात्र आठ हजारांची उलाढाल. संगणक हा फरक पकडतो आणि ‘एएसएमटी-१०’ येते. त्या वेळी उपयोगी पडते ती हिशेबाची पद्धत. ज्यांनी वसूल केलेले पैसे विक्रीत आणि भरलेले पैसे खर्चात दाखवले, त्यांच्या नफा-तोटा पत्रकातच ‘हे माझे उत्पन्न’ असे लिहिलेले असते; मग अधिकाऱ्याशी वाद घालणे अवघड. ज्यांनी प्रत्येक ग्राहकाच्या नावाने परतफेडीचे खाते ठेवले, भरले की नावे, मिळाले की जमा, आणि काम संपल्यावर खात्याची बाकी शून्य, त्यांना ते खाते, अधिकारपत्र आणि ग्राहकाच्या नावाच्या पावत्या एवढेच पुढे ठेवायचे असते. शून्य बाकी हीच ‘फक्त प्रत्यक्ष रक्कम’ या अटीची पावती. बाकी उरली असेल, तर ती कोणाची हे उत्तर आधी शोधून ठेवावे.

घर किंवा गाळा भाड्याने देणाऱ्यांना आणि गृहनिर्माण संस्थांना हाच नियम विजेच्या बाबतीत भेटतो. मालकाच्या मीटरवरची वीज भाडेकरू वापरतो आणि त्याचे पैसे देतो. ३१ ऑक्टोबर २०२३च्या केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या परिपत्रकाने (क्रमांक २०६) यात स्पष्टता आणली: भाड्यासोबत किंवा देखभालीसोबत एकत्रित पुरवलेली वीज मुख्य सेवेच्या दरानेच करपात्र, पण वीज कंपनीने जेवढे आकारले तेवढेच भाडेकरूकडून घेतले, तर मालकाला प्युअर एजंट मानायचे आणि त्या रकमेवर कर नाही. म्हणून गाळामालकाने भाडेकरूंकडून युनिटमागे वीज कंपनीच्या दरापेक्षा दोन रुपये जास्त घेणे महागात पडू शकते. स्वतंत्र सबमीटर, वीज कंपनीच्या बिलाची प्रत, आणि त्याच दराने काढलेला हिशेब, एवढ्यावर ही सवलत उभी आहे.

कोणतेही बिल हातात आले, की मी प्रत्येक ओळीला तोच प्रश्न लावतो: हे देणे कोणाचे होते? सीमाशुल्काच्या ओळीला लगेच उत्तर मिळते. वाहतुकीच्या ओळीला थांबावे लागते, कारण ब्रोकरने ट्रक स्वतः ठरवून, स्वतःच्या दराने, दारापर्यंत पोचवण्याची हमी दिली असेल, तर ती त्याची सेवा आहे. आयातदाराने ठरवलेल्या वाहतूकदाराला त्याच्या नावाच्या पावतीवर नुसते पैसे दिले असतील, तर नाही. ट्रक तोच, रस्ता तोच, रक्कमही कदाचित तीच. हे आधीच ठरवून करारात लिहिलेले असेल, तर कर कोणत्या ओळीवर लागतो याबद्दल बिल काढताना दोघांनाही शंका उरत नाही.